मदत हवी आहे: परराज्यात मामांचा मृत्यू, पोस्टमॉर्टेम व्हायचं आहे, विमानाने घरी कसं न्यायचं?

रानवारा
माझे मामा (वय 61) काल रात्री परराज्यातल्या एका शहरात गेले. कामासाठी आले होते, लॉजवर उतरले होते. छातीत दुखायला लागलं म्हणून लॉजच्या माणसांनी दवाखान्यात नेलं, पण पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मी आज सकाळी इथे आलो. डॉक्टर म्हणतात, आणलं तेव्हाच मयत होते, त्यामुळे मृत्यूच्या कारणाचा दाखला आम्ही देऊ शकत नाही. त्यांनी पोलिसांना कळवलंय. मृतदेह शवागारात आहे.

घर इथून साधारण 1400 किलोमीटर. मामींची एकच इच्छा आहे, अंत्यसंस्कार घरीच व्हावेत. मुलगी परदेशातून निघाली आहे, ती परवा पोचेल. मामांना हृदयाचा जुना आजार होता, पेसमेकर बसवलेला आहे. मग पोस्टमॉर्टेम टाळता येईल का? आणि विमानाने न्यायला काय काय लागतं? इथे माझ्या ओळखीचं कुणी नाही.

टिपरी
फार वाईट झालं. आम्ही आजोबांना असंच विमानाने आणलं होतं. सगळ्यात आधी एम्बामिंग करून घ्या, त्याचा दाखला असल्याशिवाय विमान कंपनी हात लावत नाही. पोलीस त्यांचं काम करत बसतील, तुम्ही तोवर ते उरकून घ्या. मग पोलिसांचं ना हरकत पत्र, पेटी सीलबंद केल्याचा दाखला, मृत व्यक्तीचं आणि सोबत जाणाऱ्याचं ओळखपत्र एवढं लागतं.

नीरक्षीर
रानवारा, थांबा. पोस्टमॉर्टेमआधी एम्बामिंग करू नका. टिपरी यांनी सांगितलेली कागदांची यादी बरोबर आहे, पण त्यांचे आजोबा बहुधा दवाखान्यात उपचार चालू असताना गेले असणार. तुमचं प्रकरण पोलिसांकडे गेलंय. एम्बामिंगमध्ये रक्तवाहिन्यांतून फॉर्मलीनचं द्रावण शरीरभर सोडतात. एकदा ते गेलं की विषाची किंवा औषधाची तपासणी भरवशाची राहत नाही. पोलीस परवानगी देईपर्यंत शवागारातला थंडावा पुरेसा आहे. परवापर्यंत काही बिघडणार नाही, ती काळजी सोडा.

मी सरकारी रुग्णालयाच्या न्यायवैद्यक विभागात बरीच वर्षं काम केलंय, म्हणून क्रम सांगतो. आधी पोलीस पंचनामा करतील (आता तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 खाली होतो, पूर्वी 174 म्हणायचे). मामांच्या हृदयरोगतज्ज्ञांचे कागद फोनवर मागवून त्या अधिकाऱ्याला दाखवा. मृत्यूबद्दल शंका नसेल तर पोस्टमॉर्टेमशिवायही मृतदेह सोडता येतो, पण तो निर्णय त्यांचाच. अनोळखी शहर, लॉजची खोली, सोबत नातेवाईक नाही, एवढं पाहता ते पोस्टमॉर्टेम करायलाच सांगतील असं मला वाटतं. अडून बसू नका. पुढे विम्याच्या दाव्यात हाच कागद तुमच्या बाजूने उभा राहतो.

जुनाजाणता
परदेशातल्या मृत्यूसाठी आपल्या दूतावासाकडे नोंद करावी लागते आणि पासपोर्ट रद्द करून घ्यावा लागतो. माझ्या मेहुण्यांच्या वेळी त्यातच आठवडा गेला. आधी दूतावासाला फोन करा.

रानवारा
काका, मामा भारतातच आहेत. परदेशातून मुलगी येते आहे.

नीरक्षीर सर, आत्ताच अधिकारी भेटले. पोस्टमॉर्टेम होणारच म्हणाले. संध्याकाळ झाली तर उद्यावर जाईल का? आणि पोस्टमॉर्टेम झालेल्या देहाचं एम्बामिंग होतं का? इथला एक रुग्णवाहिकावाला नाही म्हणतोय.

नीरक्षीर
होतं, पण जास्त वेळ लागतो. एरवी एका मोठ्या रक्तवाहिनीतून द्रावण सगळीकडे पोचतं. पोस्टमॉर्टेममध्ये ती वाट तुटलेली असते, म्हणून डोकं, हात आणि पाय यांना वेगवेगळं द्रावण द्यावं लागतं आणि आतल्या अवयवांवर वेगळी प्रक्रिया करावी लागते. एम्बामिंग करणाऱ्याला आधीच सांगा की पोस्टमॉर्टेम झालेला देह आहे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात विचारा, बऱ्याच ठिकाणी तिथेच होतं आणि दाखलाही तिथूनच मिळतो. काम अर्धवट झालं तर टाक्यांतून पाझर दिसतो. पेटी बंद होण्याआधी स्वतः पाहा, कारण पाझरणारी पेटी कार्गोवाले परत पाठवतात.

वेळेचं म्हणाल, तर जिथे सोय आहे तिथे सूर्यास्तानंतरही पोस्टमॉर्टेम करायला केंद्र सरकारने 2021 मध्ये मुभा दिली. खून, आत्महत्या, घातपाताचा संशय असलेली प्रकरणं एरवी त्यातून वगळली आहेत. तुमचं तसं नाही, विचारून पाहा. पण मुलगी परवा येणार असेल तर उद्या सकाळी झालं तरी चालेल.

दोन गोष्टी आजच सांगून ठेवा. पोस्टमॉर्टेम करणाऱ्या डॉक्टरांना पेसमेकर काढून ठेवायला सांगा आणि काढल्याचं लिहून घ्या. दहनाच्या उष्णतेत त्याची बॅटरी फुटते, दाहिनीचं नुकसान होतं आणि जवळच्या माणसाला इजा होऊ शकते. दुसरं, सगळ्या कागदांवर नावाचं स्पेलिंग आधार कार्डाप्रमाणेच हवं. पंचनाम्यात एक आणि दाखल्यावर दुसरं असलं की कार्गोच्या खिडकीवर अडतं. व्हिसेरा, म्हणजे रासायनिक तपासणीसाठी आतल्या अवयवांचे नमुने, राखून ठेवला तर अंतिम अहवालाला महिने लागू शकतात. त्याची वाट पाहू नका, देह ताब्यात दिल्याचं पत्र आणि पोलिसांचं ना हरकत पत्र घेऊन निघा.

अबोली
माझं मत वेगळं आहे. माझे वडील असेच दूर गेले तेव्हा आम्ही तिथेच दहन केलं आणि अस्थी घरी आणल्या. कलश हातातल्या सामानात नेता आला, सोबत मृत्यूचा आणि दहनाचा दाखला होता. आईला सुरुवातीला पटलं नव्हतं. शेवटचं दर्शन झालं नाही हे ती अजूनही बोलून दाखवते, तरीही मला तो निर्णय चुकीचा वाटत नाही. मामींशी एकदा मोकळेपणी बोला.

रानवारा
ताई, बोललो. मामींना चेहरा पाहायचाच आहे. रस्त्याने न्यावं का?

नीरक्षीर
1400 किलोमीटर म्हणजे रस्त्याने एक अख्खा दिवस आणि वर काही तास. शीतपेटी सगळा वेळ चालायला हवी, ती कशावर चालते ते विचारा. कोरडा बर्फ ठेवतो म्हणणाऱ्या गाडीत स्वतः बसू नका. त्याचा कार्बन डायऑक्साइड बंद गाडीत साठतो.

थेट विमान असेल तर तेच बरं. तिकीट काढण्याआधी कार्गो विभागाला विचारा की त्या विमानात पेटी मावते का. लहान विमानांच्या दारातून ती जात नाही आणि हे शेवटच्या क्षणी कळलं तर दिवस जातो. पेटीसह वजनावर आकार लागतो. पेटी प्रवाशांच्या दारातून नाही, कार्गो टर्मिनलवर द्यायची आणि पोचल्यावरही तिथूनच घ्यायची. तिथे शववाहिका आधीच सांगून ठेवा.

मृत्यूची नोंद मात्र दहन कुठेही झालं तरी मृत्यू जिथे झाला तिथल्या पालिकेतच होते. 21 दिवसांत कळवायचं असतं. दहनाची पावती जपा, आणि निघण्याआधी नोंद कोण कळवणार हे पोलीस ठाण्यातून पक्कं करून घ्या.

टिपरी
एम्बामिंगचं मला माहीत नव्हतं. बरं झालं तुम्ही वेळेत सांगितलंत.

रानवारा
अपडेट: उद्या सकाळी पहिला नंबर लावलाय. पेसमेकरचं डॉक्टरांना लेखी दिलं. कार्गोवाले म्हणाले, परवा दुपारच्या थेट विमानात पेटी जाईल. एक प्रश्न राहिलाच, घरी पोचल्यावर सीलबंद पेटी दर्शनासाठी उघडता येते का? इथे एक जण हो म्हणतो, दुसरा चेहऱ्यापुरती काच असलेली पेटी घ्या म्हणतो. कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर आज रात्रीपर्यंत सांगा, पेटी सकाळी ठरवायची आहे.