मुदत मेसेजपासून मोजतात

"खात्यातून कुणी परस्पर पैसे काढले तर महिनाअखेरीस स्टेटमेंट आलं की बघून बँकेला कळवलं तरी चालतं ना?"

नाही चालत, कारण रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकात मुदत बँकेचा मेसेज किंवा ईमेल आल्यापासून धरलीये. चूक तुमची नाही आणि बँकेचीही नाही, असा प्रकार असेल तर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं की तुमच्यावर शून्य जबाबदारी. मेसेज आला तो दिवस मोजत नाहीत, म्हणजे शुक्रवारी रात्री आला आणि पुढे दुसरा शनिवार असेल तर बुधवारपर्यंत वेळ मिळतो. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवलं तर साध्या बचत खात्याला दहा हजारांपर्यंत फटका, म्हणजे 18,000 गेले असतील तर 10,000 तुमचे गेले, 8,000 बँक देणार. त्यानंतर बँकेचं स्वतःचं धोरण लागू, मग बसा भांडत.

ओटीपी स्वतःच सांगितला असेल तर मात्र कळवेपर्यंतचं नुकसान आपलंच, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं, म्हणून तक्रार क्रमांक आणि वेळ लिहून ठेवाच. आधी कार्ड ब्लॉक, मग सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन. आणि हो, अनोळखी नावाने दोन-पाच रुपये कटले असले तरी सोडू नका, कार्ड चालतंय का बघायला आधी असंच करतात.