डोस वाढवायला पहिल्या व्हिजिटची वाट नको

"प्रेग्नन्सी टेस्ट पॉझिटिव्ह आली, डॉक्टरांची वेळ तीन आठवड्यांनी आहे. तोवर थायरॉइडच्या गोळीचा जुनाच डोस चालू ठेवू ना?"

तीन आठवडे थांबू नका, आजच फोन करून विचारा. आधीपासून लेव्होथायरॉक्सिन चालू असेल तर नेहमीचा सल्ला असतो आठवड्याला दोन गोळ्या जादा, म्हणजे सातऐवजी नऊ. रोज ७५ मायक्रोग्रॅम घेणारीचा आठवड्याचा डोस ५२५ वरून ६७५ होतो, जवळपास ३० टक्के वाढ. सोमवारी आणि गुरुवारी दोन-दोन गोळ्या, बाकी दिवस एकेक. नवी स्ट्रेंथ शोधायची गरज नाही. घाई अशासाठी की पहिल्या तिमाहीत बाळाची थायरॉइड ग्रंथी तयार झालेली नसते, ते आईच्याच हार्मोनवर असतं. निरोगी ग्रंथी या काळात आपणहून जास्त हार्मोन बनवते, आपली ते करू शकत नाही.

मग दर चार आठवड्यांनी टीएसएच, निम्मे दिवस भरेपर्यंत, आणि तिसाव्या आठवड्याच्या सुमारास परत एकदा. गोळी चालू असलेलीसाठी लक्ष्य २.५ च्या खाली. लॅबच्या रिपोर्टवर ३.८ समोर 'नॉर्मल' छापून येतं, पण ती रेंज बहुधा गरोदर नसलेल्यांची असते. लोह-कॅल्शियमच्या गोळ्या मात्र चार तासांनंतरच, नाहीतर वाढवलेला डोस नीट शोषलाच जात नाही.