बिष्णुपूरचे झिजलेले टेराकोटा फलक: नवे बसवावेत की जागा मोकळी ठेवावी?

पायीपायी: मागच्या महिन्यात पश्चिम बंगालमधल्या बांकुडा जिल्ह्यातल्या बिष्णुपूरला जाऊन आलो. मल्ल राजांनी १६४३ मध्ये बांधलेलं श्यामराय मंदिर आणि १६५५ चं जोडबांगला पाहिलं. विटांच्या भिंतीवर इंचभरही जागा मोकळी नाही, सगळीकडे भाजल्या मातीचे कोरीव फलक. वरचे अगदी ताजे वाटतात, पण खाली जोत्याजवळच्या कित्येक फलकांची नाकं-डोळी गेलीत. मातीच्या घोड्यांसाठी नावाजलेलं कुंभारांचं पाँचमुडा गाव तिथून जवळच आहे. मग त्यांच्याकडून नवे फलक करून का बसवत नाहीत? माझं मत, बसवावेत. तुम्हाला काय वाटतं?

गणोबा_पेण: शंभर टक्के बसवावेत. आमच्याकडे मूर्तीचा हात मोडला तर आम्ही तसाच ठेवतो का? शेजारच्या चांगल्या फलकावर रबर चढवायचं, साचा काढायचा, माती दाबायची, भाजायची. आठवड्याचं काम. उगाच बाऊ करतात लोक.

विटकरी: गणोबा, तुमचा हात साच्यावर बसलेला आहे, पण हा हिशेब प्लास्टरचा झाला. प्लास्टर आकसत नाही, माती आकसते. आधी सुकताना, मग भट्टीत.

मी स्वतः काही वर्षं जुन्या विटकामाच्या डागडुजीवर काम केलंय, तिथलं उदाहरण देतो. नवी माती आली की आधी तिची पट्टी करायची आणि ओली असतानाच तिच्यावर बरोबर १०० मिमी अंतरावर दोन रेघा मारायच्या. आमच्या मातीत ते अंतर सुकल्यावर ९३ झालं आणि भाजल्यावर ९१. आता मूळ फलक १५० मिमीचा असेल आणि तुम्ही त्याच्यावरूनच साचा काढला, तर हातात येणार साधारण १३६ मिमीचा फलक. म्हणजे एकामागे दीड सेंटिमीटरच्या आसपास फट, आणि ओळीत दहा बसवले तर जवळजवळ एका फलकाची जागा रिकामी. ती सांध्यात चुना भरून लपत नाही. १५० हवा असेल तर १५० ला ०.९१ ने भागायचं, म्हणजे १६५ मिमीचा नमुना नव्याने घडवायचा. तो घडवणारा हात लागतो, नुसता साचा पुरत नाही.

दुसरं म्हणजे रबर. लोणा लागलेल्या फलकाचा वरचा पापुद्रा आतून सुटलेला असतो. रबर ओढलंत की उरलंसुरलं नाकही साच्याबरोबर येईल.

गणोबा_पेण: आकसण्याचं मान्य. शाडूची मूर्तीही सुकताना आकसते, ते विसरलोच. भट्टीशी आमचा संबंध येत नाही ना. पण मोठा नमुना घडवणं अशक्य नाही. पेणमध्ये डोळे मिटून करणारे आहेत.

सडाफटिंग: मुद्दा साधा आहे. पावसाने झिजतंय, तर नवे फलक जास्त भाजा. आजच्या भट्टीत हजार-अकराशे अंशांपर्यंत सहज जाता येतं. दगडासारखा टणक होईल, पुढची तीनशे वर्षं बघायला नको.

विटकरी: पाऊस कारणीभूत आहे, पण अर्धाच. निव्वळ पावसाने झिजलं असतं तर वरचे फलक आधी गेले असते. धागाकर्त्यानेच लिहिलंय की खालचे गेलेत. जमिनीतली ओल विटेतून वर चढते आणि येताना क्षार आणते. भिंत वाळते तेव्हा ते क्षार पृष्ठभागाच्या किंचित आत स्फटिक होऊन फुगतात आणि कोरीवकाम आतून ढकलून पाडतात. पाण्याची धार लागते तिथे निदान क्षार धुतले तरी जातात. वळचणीखालच्या कोरड्या कोपऱ्यात ते साचत राहतात.

आता तुमचा टणक फलक तिथे बसवा. त्यातून ओल बाहेर पडणार नाही, ती शेजारच्या मऊ जुन्या फलकांतून पडेल. पाच-सात वर्षांत नवा तुकडा झकास दिसेल आणि त्याच्या चारी बाजू भुगा झालेल्या असतील. सिमेंटच्या सांध्याने हेच होतं. म्हणून नवी वस्तू जुनीपेक्षा थोडी कमजोरच हवी. मी पाण्याचा थेंब टाकून बघतो. जुन्यावर तो जितक्या वेळात शोषला जातो, साधारण तितक्याच वेळात नव्यावरही जायला हवा.

कमी भाजूनही चालत नाही, हेही खरं. एक तुकडा मोडून पाहायचा. बाहेर लाल आणि आत काळा गाभा दिसला तर भट्टी घाईत उरकलीय. जाड फलक मागून पोखरला नाही किंवा नीट सुकायच्या आत आच वाढवली, तर आतल्या पाण्याची वाफ होऊन तो भट्टीतच फुटतो. माझे पहिल्या खेपेचे निम्मे असेच गेले होते.

वाडेकर_सातारा: आमच्या वाड्याच्या भिंतीला कमरेपर्यंत लोणा आहे. गवंडी म्हणतो सिमेंटचा गिलावा मारून टाकू. मारू का?

विटकरी: अजिबात नको. ओल कमरेची छातीपर्यंत चढेल. बाहेरचं पाणी भिंतीपासून लांब न्या, गिलावा चुन्याचाच करा. बाकीचं वेगळ्या धाग्यात बोलू.

मृण्मयी_क: तंत्र जमलं असं गृहीत धरलं तरी माझा विरोधच. श्यामरायवर रासमंडल आहे, रामायण-महाभारतातले प्रसंग आहेत. हे फलक साच्यातून छापलेले नाहीत, अर्धवट सुकलेल्या मातीत एकेक कोरलेत. गेलेल्या चेहऱ्यावर काय भाव होते हे आज कोणाला माहीत? नवा बसवला की तो आपल्या काळातल्या कारागिराचा कृष्ण होणार, आणि पन्नास वर्षांनी अभ्यासक त्यालाच मल्लकालीन समजून लेख लिहिणार. बांगलादेशात दिनाजपूरचं कांतजी मंदिर बघा. १८९७ च्या भूकंपात त्याची नऊही शिखरं गेली, ती पुन्हा उभारली नाहीत. म्हणून मंदिराला काही उणेपणा आला का? फलक मात्र भिंतीवर आहेत आणि जे आहे ते खरं आहे.

पायीपायी: उणेपणा आला असं मला तरी वाटतं. नवरत्न म्हणजे नऊ शिखरांचं म्हणून बांधलेल्या मंदिरावर एकही रत्न नाही! आणि जीर्णोद्धार आपल्याकडे पूर्वापार चालत आलाय. मंदिर म्हणजे संग्रहालयातली वस्तू नव्हे.

मृण्मयी_क: कांतजीत पूजा चालते, तिथे तुमचं म्हणणं थोडंफार लागू पडेल. बिष्णुपूरच्या या दोन मंदिरांकडे मात्र लोक बघायलाच येतात. ते काय बघायला येतात, तेवढं सांगा.

विटकरी: मी दोघांच्या मधे आहे. पट्ट्यांत तीच ती वेलबुट्टी येते किंवा हंसांची रांग येते, तिथे शेजारी नमुना शाबूत असतो. तो तुकडा नवा करायला माझी हरकत नाही, फक्त मागच्या बाजूला माती ओली असताना साल कोरा आणि चुन्यातच बसवा, म्हणजे उद्या काढायचा झाला तर शेजाऱ्याला धक्का न लावता निघेल. प्रसंगाच्या फलकाला हात लावायचा नाही. पूर्ण गेला असेल तर त्याच मातीची कोरी वीट, पृष्ठभागापासून दोन-तीन मिमी आत.

आणि हे सगळं नंतरचं. आधी जोत्याभोवतालचं पाणी वळवायचं. मग कागदाचा लगदा शुद्ध पाण्यात भिजवून फलकावर थापायचा. तो वाळताना क्षार ओढून घेतो. काढायचा, पुन्हा थापायचा. पापुद्रे सुटलेले असतील तिथे तेही आधी न सावरता करू नये. ओल चालू असताना नवा फलक बसवला तर दहा वर्षांत त्याचंही नाक जाणार.

मृण्मयी_क: वेलबुट्टीचं ठीक. पण हंसांची रांग तरी "तीच ती" कुठे असते? एकाची मान वळलेली, एकाच्या चोचीत काहीतरी. कुठला हंस परत आणणार?

गणोबा_पेण: शेजारचा. आणि मान थोडी वेगळी वळवू. आम्ही उंदरांना तेच करतो.

मृण्मयी_क: हेच तर नको म्हणतेय मी!