मदत हवी आहे: ग्राहक फक्त ‘हॅलो’ म्हणतो, एजंटने काय बोलावं?

लातूरकडचा आहे, बँकेच्या हेल्पलाइनवर मराठी कॉल घेतो. नव्या पोरांना शिकवायला छोटा संवाद लिहायचाय. त्यात ग्राहक शेवटपर्यंत ‘हॅलो’च म्हणतो. असे कॉल रोज येतात, अन् पोरं दोन मिनिटांत फोन ठेवतात. मागं असाच ठेवलेला एक कॉल एका आजीचा निघाला. कार्ड हरवलं होतं, पण समोर माणूस आहे का यंत्र, तेच त्यांना कळेना. ते अजून मनातून जात नाही. माझा मसुदा:

एजंट: नमस्कार, बोला.
ग्राहक: हॅलो?
एजंट: काय अडचण आहे?
ग्राहक: हॅलो... हॅलो.
एजंट: माझा आवाज येत नसेल तर पुन्हा फोन करा.

कुठं चुकतंय?

जुना टीम लीडर: शेवटचं वाक्य बघा. ज्याला आवाजच येत नाही, त्याला ते कसं ऐकू जाणार? आधी हॅलो कधी येतं ते ऐका. तुमच्या बोलण्यावरच येत असेल, तर बहुधा तुमचा आवाज पोचत नाही. तुमचं वाक्य संपल्यावर येत असेल, तर माणूस ऐकतोय, फक्त बोलायला बिचकतोय. मग त्याच्या हॅलोलाच उत्तर करा:

एजंट: मी माणूसच बोलतोय, घाई नाही. ऐकू येत असेल तर हॅलो म्हणा.
ग्राहक: हॅलो.
एजंट: कार्ड हरवलंय का? हो असेल तर हॅलो म्हणा.
ग्राहक: हॅलो! हॅलो!

गप्प राहिला तर ‘नाही’ धरू नका, पुन्हा विचारा.

परभणीकर: एवढं कशाला? नोंदवलेला नंबर स्क्रीनवर दिसतो. ‘अमुक मावशी, बोला’ म्हणा, माणूस लगेच खुलतो.

जुना टीम लीडर: मायेनं बोला, हे बरोबर. पण ओळख पटायच्या आधी नाव नको. फोन नातवाच्या हातात असू शकतो, शिवाय दिसणारा नंबर खोटाही असतो. शिल्लक वगैरे तर नाहीच. ओटीपी अन् पिन तर कधीच विचारायचा नाही.

सेलूची ताई: मलाही असे कॉल येतात, उचलला की नुसतं हॅलो. फसवणुकीत पैसे गेले तर सायबर हेल्पलाइन 1930 वर लगेच कळवा.

धागाकर्ता: ताई, आमच्याकडं उलटं आहे, ग्राहकच आम्हाला फोन करतो. पण 1930 पोरांना सांगतो. दादा, ‘1 दाबा’ म्हटलं तर?

जुना टीम लीडर: चालेल, पण दहा सेकंद थांबा. फोन कानाला असतो, स्क्रीन काळी झालेली असते. म्हाताऱ्या माणसाला फोन खाली घेऊन बटण शोधावं लागतं, तेवढ्यात तुमचं पुढचं वाक्य निघून जातं. आवाजच पोचत नसेल तर कॉल तोडून नोंदवलेल्या नंबरवर तुम्हीच फोन करा.

धागाकर्ता: आज दोघांवर करून पाहिलं. एक मावशी चौथ्या हॅलोनंतर बोलल्या, ‘कार्ड सापडंना गेलं लेकरा.’ दुसऱ्यानं शेवटपर्यंत हॅलोच केलं. कार्ड हरवलंय एवढं कळलं, ओळख पटली नाही. अशा वेळी नुसत्या हॅलोवर कार्ड बंद करावं का? आमच्या नियमात बसत नाही. तुमच्याकडं काय करतात?