थकबाकी यादी: ७०२ चे तेरा हजार गेले कुठे? (बी विंग ग्रुप, घोडबंदर रोड)

पाटील २०३: नमस्कार. आज लिफ्टजवळ लावलेली थकबाकीची यादी वाचली. ७०२ ची थकबाकी १,८५० रुपये? गेल्या महिन्यात ४,८५० होती, त्यात पेंटिंगचा १०,००० चा हप्ता लागला. कुठल्या गणिताने कमी झाली ते कमिटीने सांगावं. माझे २,४०० मात्र बरोब्बर छापलेत.

सावंत सेक्रेटरी: पाटील साहेब, यादी मी स्वतः टाइप केली आहे. तपासून सांगतो.

शिर्के ७०२: कशाला तपासता? छापलंय ते छापलंय 😄 १,८५० आत्ता ट्रान्सफर करतो, पावती तयार ठेवा.

पाटील २०३: हसण्यावारी नेऊ नका शिर्के. पार्किंगच्या वेळीही असंच झालं होतं.

शिर्के ७०२: पार्किंग कुठून आलं मध्येच?

जोशी काकू १०१: आणि नावं अशी भिंतीवर लावायची का? माझ्या सुनेच्या माहेरचे आले होते, त्यांनी ३,६५० वाचले. किती लाज वाटली मला.

नाईक काका ४०४: कॉम्प्युटरचा कीबोर्ड जुना झालाय. मी जानेवारीतच सांगितलं होतं. नवीन घ्या, चारशे-पाचशेला मिळतो.

फडके मॅडम (खजिनदार): सावंत, एक बघा. ओळींची बेरीज मी आत्ता कॅल्क्युलेटरवर केली. ४७,३०० येते. खाली एकूण ७८,३०० लिहिलंय. ३१,००० चा फरक आहे.

सावंत सेक्रेटरी: एकूण आकडा अकाउंटच्या सॉफ्टवेअरमधून उतरवलाय, तो चूक नाही.

फडके मॅडम (खजिनदार): म्हणजे ओळी चुकल्यात. ७०२ चे खरे १४,८५० आहेत. तिथेच १३,००० गेले. उरले १८,०००. ते ३०४ मध्ये निघतायत, खरे १९,२०० आणि छापलेत १,२००.

पाटील २०३: म्हणजे दोघांना सूट!! आणि दोघेही कोणाच्या जवळचे ते सगळ्यांना माहीत आहे.

गायकवाड ३०४: पाटील साहेब, जपून बोला. मला सूट दिलेली मला तरी माहीत नाही. आणि मी घरी पाहुण्यांत आहे.

नाईक काका ४०४: कीबोर्ड.

मेघना ५०१: जरा थांबा सगळे. सावंत काका, तुम्ही गेल्या महिन्याचीच फाइल उघडून त्यात बदल केले ना? आणि ७०२ आणि ३०४ मध्ये फक्त पुढे एक आकडा वाढवायचा होता?

सावंत सेक्रेटरी: हो. ४,८५० च्या पुढे १ टाकला की झाले १४,८५०. ३०४ चे ९,२०० होते, पुढे १ टाकला की १९,२००. बाकी ओळी पूर्ण पुसून नव्याने टाइप केल्या.

मेघना ५०१: मग सूटबिट कोणी दिलेली नाही. वर्डमध्ये ओव्हरटाइप चालू झाला होता. ४,८५० च्या सुरुवातीला कर्सर ठेवून १ दाबला की तो ४ ला पुढे सरकवत नाही, ४ खाऊन टाकतो. १,८५० होतं. ९,२०० चं १,२००. अंक जेवढे होते तेवढेच राहिले बघा, दोन्हीकडे चारच. हीच त्याची खूण.

पाटील २०३: मग माझे २,४०० का नाही खाल्ले?

मेघना ५०१: तुमची ओळ काकांनी आधी बॅकस्पेसने पूर्ण पुसली. रिकाम्या जागेत टाइप करताना खायला काही नसतं. तसंच ओळीच्या शेवटी लिहितानाही, पुढे अक्षर नसलं की तो साधाच लिहितो. म्हणून पानभर मजकूर लिहिणाऱ्याला कळतच नाही. मधे काही घुसवायला गेलो की कळतं. मी नौपाड्यात डीटीपीच्या दुकानात अकरा वर्षं हेच बघितलंय. गिऱ्हाईक येऊन म्हणायचं, "ताई, भूत आहे यात."

शिर्के ७०२: भुताने माझे तेरा हजार वाचवले. त्याचा सत्कार करा 🙏

फडके मॅडम (खजिनदार): शिर्के, पुरे.

सावंत सेक्रेटरी: पण मी तसलं कुठलंच बटण दाबलेलं नाही.

मेघना ५०१: आकडे उजवीकडच्या नंबरांच्या पॅडवर दाबता ना?

सावंत सेक्रेटरी: बँकेत तीस वर्षं तिथेच दाबले.

मेघना ५०१: त्या दिवशी पहिली ओळ टाइप करताना स्क्रीन उडी मारून खाली गेली होती का?

सावंत सेक्रेटरी: गेली होती! जोशी वहिनींचे ३,६५० टाकत होतो, पान एकदम खाली पळालं. नम लॉक बंद होता. तो चालू केला आणि पुन्हा टाइप केलं.

मेघना ५०१: सापडलं. नम लॉक बंद असला की पॅडवरचं ३ म्हणजे पेज डाउन, म्हणून पान पळालं. ६ म्हणजे उजवीकडचा बाण. ५ बहुतेक काहीच करत नाही. आणि ० म्हणजे इन्सर्ट की. शून्याखाली बारीक अक्षरात Ins लिहिलेलं असतं, बघा. ३,६५० मध्ये शून्य एकदाच आलं, म्हणून ओव्हरटाइप चालू झाला. तिथे ५,४०० असते तर दोन शून्यांनी चालू होऊन लगेच बंदही झाला असता आणि आज ही चर्चाच नसती.

जोशी काकू १०१: म्हणजे माझ्यामुळे झालं?

मेघना ५०१: नाही हो काकू, तुमच्या शून्यामुळे 😅

जोशी काकू १०१: मी कालच भरलेत ३,६५०. तरी नाव भिंतीवर. तेवढं बघा आधी.

नाईक काका ४०४: म्हणजे कीबोर्डच खराब ना? मी सांगतोय तेच.

मेघना ५०१: नाही काका. ही अवस्था कीबोर्डमध्ये नसते, वर्डमध्ये असते. कॅप्स लॉकला दिवा असतो, याला दिवाही नाही. नवीन कीबोर्ड जोडला तरी ओव्हरटाइप चालूच राहील.

पाटील २०३: ठीक आहे, मान्य. पण असं एकदा झालं तर परत होईल. पुढच्या वेळी माझ्या आकड्यातलं काही खाल्लं तर?

शिर्के ७०२: तुमच्या आकड्यात खाण्यासारखं काही नाही पाटील.

पाटील २०३: 🙏

सावंत सेक्रेटरी: मेघना, मी ऑफिसमध्ये उतरलोय. फाइल उघडली. आता सांग.

मेघना ५०१: आधी कुठल्याही शब्दाच्या मधे एक अक्षर टाइप करा. पुढचा शब्द सरकला की ठीक. सरकला नाही आणि एक अक्षर गायब झालं, तर चालू आहे. वर्डमध्ये कर्सरचा आकार बदलत नाही, त्यामुळे नुसतं बघून कळणार नाही.

सावंत सेक्रेटरी: गायब झालं.

मेघना ५०१: Ctrl+Z दाबा, ते परत येईल. आता खिडकीच्या अगदी तळाला पट्टी आहे, जिथे पान नंबर दिसतो. तिच्यावर उजवं क्लिक करा. लांब यादी येईल. त्यात Overtype वर टिक करा.

सावंत सेक्रेटरी: टिक केली. खाली Overtype असं दिसतंय.

मेघना ५०१: त्याच शब्दावर एकदा क्लिक करा.

सावंत सेक्रेटरी: Insert झालं.

मेघना ५०१: बस्स. इन्सर्ट म्हणजे नेहमीचं, अक्षर घुसवणारं. आता हा शब्द खाली कायम दिसेल, टाइप करण्याआधी नजर टाकायची. जुन्या वर्डमध्ये खाली OVR दिसायचं, फिकट असलं तर बंद, ठळक असलं तर चालू. आताच्या वर्डमध्ये हा शब्द आपण टिक केल्याशिवाय दिसतच नाही.

गायकवाड ३०४: पण आमच्या ऑफिसच्या वर्डमध्ये इन्सर्ट की दाबली तर काहीच होत नाही. आत्ता बघितलं.

मेघना ५०१: बरोबर, आताच्या वर्डमध्ये ती मुळात बंदच असते. सोसायटीच्या मशीनवर कोणीतरी चालू केलेली असणार. सावंत काका, File मधून Options, मग Advanced. वरच Editing options असतील. तिथे `Use the Insert key to control overtype mode` आहे, त्यावर टिक आहे का?

सावंत सेक्रेटरी: आहे.

फडके मॅडम (खजिनदार): आपल्याकडे आधी जो मुलगा टायपिंगला यायचा त्याने केली असेल.

पाटील २०३: ज्याला कमिटीने न विचारता काढलं तो?

फडके मॅडम (खजिनदार): पाटील, आता नको.

मेघना ५०१: ती टिक काढा. तिच्या खालच्या `Use overtype mode` वर टिक असेल तर तीही काढा, आणि OK. आता कितीही शून्यं दाबा.

सावंत सेक्रेटरी: नम लॉक बंद करून दहा वेळा शून्य दाबलं. खाली Insert च आहे.

मेघना ५०१: दहा ही सम संख्या आहे काका 😄 अकराव्यांदा दाबा.

सावंत सेक्रेटरी: Insert च. आता जुने आकडे Ctrl+Z ने परत येतील का?

मेघना ५०१: फाइल तुम्ही बंद केली होती, त्यामुळे नाही. ते दोन आकडे हातानेच नीट करा. आणि त्या दिवशी आणखी कुठे मधे काही घुसवलं असेल तर तेवढं शोधा. गेल्या महिन्याची यादी मेलवर गेली होती ना, ती शेजारी उघडून वाचा.

फडके मॅडम (खजिनदार): ते मी बघते. बेरीज ७८,३०० जुळली की तुम्हाला कळवते.

कदम ६०३: माझ्या मुलाच्या लॅपटॉपवर एक्सेलमध्येही असंच होतं. सेलवर जाऊन एक आकडा दाबला की सगळा मजकूर जातो.

मेघना ५०१: ते वेगळं. एक्सेलमध्ये सेल निवडून टाइप केलं की जुनं सगळं जातंच, ते तसंच बनवलंय. आधी F2 दाबायचं, मग सेलच्या आत जाता येतं. ओव्हरटाइप एकेक अक्षर खातो, सगळं एकदम नाही. वर्डमध्येही शब्द निवडलेला असताना टाइप केलं की तो अख्खा जातो, तेही ओव्हरटाइप नाही.

शिर्के ७०२: मी लिब्रेऑफिस वापरतो, फुकट आहे म्हणून. त्यात?

मेघना ५०१: त्यात इन्सर्ट की सुरुवातीपासून चालू असते. पण बरं म्हणजे कर्सर बदलतो, बारीक उभी रेघ जाऊन अक्षरावर जाड चौकट दिसते. तळाच्या पट्टीवर Overwrite येतं. की पुन्हा दाबली की रेघ परत.

नाईक काका ४०४: मी आज दुकानातून कीबोर्ड आणला. ४५० चा. बिल कमिटीकडे देतो.

फडके मॅडम (खजिनदार): काका!! कोणी सांगितलं होतं?

नाईक काका ४०४: जानेवारीत मीच सांगितलं होतं.

सावंत सेक्रेटरी: बेरीज जुळली. ७८,३००. नवीन यादी उद्या सकाळी लावतो. जोशी वहिनी, तुमचं नाव काढलंय. तुमचे ३,६५० वजा करून एकूण ७४,६५० लिहिलंय.

जोशी काकू १०१: धन्यवाद. जुना कागद आजच काढा.

शिर्के ७०२: १,८५० पाठवलेत. उरलेले १३,००० पगार झाल्यावर.

पाटील २०३: पार्किंगचं राहिलंच.