आई गावात, इन्सुलिन चालू, भावंडं तीन शहरांत: पाळी कशी लावता? (अनुभव धागा)

वर्धाकाठ
उन्हाळा लागला की ओल्या रेतीत ठेवलेला माठ आणि त्यात ठेवलेली इन्सुलिनची बाटली आठवते. आता घरोघरी फ्रीज आले, पण वीज जायची ती जातेच, आणि बाटलीकडे लक्ष देणारी लेकरं पुण्या-हैदराबादला. म्हणून हा धागा काढला. पाळी, फोन, खर्च कसा वाटता ते नेमकं लिहा. 'जमेल तसं करतो' याचा कोणाला उपयोग होत नाही.

सुरुवात मी करते. समजा गाव दारव्हा तालुक्यातलं, आई पंचाहत्तरीची, मिक्स इन्सुलिन सकाळी 18 आणि संध्याकाळी 10 युनिट. 40 च्या ताकदीच्या 10 मिलिच्या बाटलीत 400 युनिट असतात. दिवसाला 28 गेले की बाटली चौदा दिवस पुरते. पाळी याच हिशोबानं बसवा. महिन्याची लावली तर मधली बाटली कोणी आणायची यावर घोळ होतो, दोघंही समजतात दुसऱ्यानं सांगितलं असेल. चौदा दिवसांची लावली की ज्याची पाळी त्याचीच पुढची बाटली, त्याचेच दोन्ही वेळचे फोन, दवाखान्याची तारीखही त्याचीच. पाळी बाजाराच्या दिवशी बदलायची, कारण कामाची बाई त्या दिवशी बाजाराला जातेच, बाटली तेव्हाच येते. शिवाय एक न फोडलेली बाटली घरात कायम शिल्लक हवी.

पांढरं_सोनं
बरोबर आहे ताई. माठापेक्षा फ्रीजरच बरा न पण? लाईन गेली तरी बर्फ राहते, बाटली थंडगार.

औषधी_दुकान
फ्रीजरमध्ये अजिबात नको दादा. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी उपयोगाचं राहत नाही, फेकावंच लागतं. बंद बाटली फ्रीजच्या मधल्या फळीवर किंवा दारात, 2 ते 8 अंशांत. मागच्या भिंतीला टेकवायची नाही, तिथेही गोठते. चालू बाटली घरातल्या साध्या तापमानाला साधारण चार आठवडे टिकते, पण ते पंचवीस-तीस अंशांपर्यंत. आपल्याकडचा मे महिना त्यात बसत नाही.

आता जास्त महत्त्वाचं. भावंडं वेगवेगळ्या शहरांतून सामान आणतात तेव्हा घोटाळा सिरिंजचा होतो. लाल टोपीची सिरिंज 40 च्या बाटलीसाठी, केशरी टोपीची 100 साठी. पुण्याहून कोणी प्रेमानं केशरी टोपीचा डबा आणून ठेवला आणि गावात बाटली 40 ची असली, तर 18 च्या रेघेपर्यंत ओढूनही आईला जेमतेम 7 युनिट जातात. साखर 300 च्या वर चढते आणि सगळे तिच्या खाण्याला दोष देतात. उलट झालं तर जिवावरच बेततं: बाटली 100 ची, सिरिंज लाल, 18 च्या रेघेला 45 युनिट. म्हणून एकच नियम करा, बाटली आणि सिरिंज एकाच दुकानातून, तालुक्याच्याच. शहरातल्यानं पैसे पाठवावेत, सामान नाही.

मायलेक
लाल टोपीच्या नेरला कुठं भेटतात? मागं गेली तर दुकानदार म्हणे संपल्या.

औषधी_दुकान
आधी सांगून ठेवलं की मागवून देतात. बाटलीची पाळी तशीही ठरलेली असते, चार दिवस आधी फोन करायचा.

हैदराबादचा_धाकटा
फोनबद्दल. रोज रात्री तिघांचे तीन फोन जातात आणि सकाळी एकही नाही, हे बहुतेक घरांत असतं. धोका सकाळी आहे. सुई घेतली आणि जेवायला उशीर झाला की साखर खाली येते. म्हणून पाळीवाल्याचा फोन सुईच्या आधी, ताट वाढल्यावर. 'कशी आहेस गं' विचारलं की उत्तर 'बरी आहे' हेच येतं. त्यापेक्षा मशीनवरचा आकडा वाचून दाखवायला सांगा, ताटात काय आहे विचारा, मग 'किती ओढलं' ते विचारा आणि तिघांच्या ग्रुपवर एक ओळ टाका: 'स 142, 18, भाकर-वरण'. पुढच्या पाळीवाल्याला हीच वही.

आकडा 70 च्या खाली आला तर सुई थांबवायची, तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचं. बाईलाही हे शिकवून ठेवा आणि साखरेचा डबा तिला माहीत पाहिजे. वर आलं की जेवण, आणि त्या वेळची सुई डॉक्टरांना विचारूनच.

मायलेक
आणि घाम, थरथर, अचानक चिडचिड दिसली तर मशीन शोधत बसू नका, आधी साखर. शुद्ध नसेल तर मात्र तोंडात काही घालायचं नाही, सरळ 108.

गुरुजींचा_मुलगा
आमचे बाबा निवृत्त शिक्षक, इन्सुलिन नाही. पण नोव्हेंबरात हयातीचा दाखला कोणी काढायचा यावर दर वर्षी वाद. बँकेत नेता येत नाही.

वर्धाकाठ
जीवन प्रमाण ॲपवर चेहरा दाखवून होतो भाऊ, कोणाच्याही फोनवर. नोव्हेंबरच्या पाळीवाल्यानं एक खेप त्यासाठी ठेवावी. दिवाळी लागूनच असते, गाडीचं तिकीट 60 दिवस आधीच उघडतं, तेव्हाच काढा.

पुण्याचा_थोरला
खर्चाचं कोणी बोलेना. तिघांत सारखा वाटा दिसायला सोपा, पण टिकत नाही. धरा महिन्याला 9,000: बाई 5,000, औषध-स्ट्रिप-सुया 2,500, येण्याजाण्याला 1,500. आधी आईचे स्वतःचे पैसे लावा, शेत मक्त्यानं दिलं असेल तर ते वर्षाचे एकदम येतात, त्यातून दवाखान्यासाठी वेगळे काढून ठेवा. उरलेला खर्च कमाईच्या प्रमाणात. सगळेच 9,000 उरले आणि पगार 3:2:1 असले तर 4,500, 3,000, 1,500. पैसे एकाच खात्यात, पाच तारखेच्या आत, आणि बाईचा पगार त्याच खात्यातून. ज्याची पाळी त्यानं खिशातून द्यायचं ठरवलं की बाईला कधी पाचला मिळतात, कधी वीसला, आणि बाई सुटते. बाई सुटली की सगळी पाळी कोसळते. प्रवासाचा खर्चही खात्यातूनच, नाहीतर लांबचा येणं टाळतो.

नागपूरची_मधली
दादा, इथं माझं पटत नाही. जवळची असते तिला दर पंधरा दिवसांनी बोलावणं. बस अर्ध्या तिकिटात होते म्हणून दिवस फुकट होत नाही ना? दोन दिवस राहिलं की दोन दिवसांची रजा जाते. तिचा 1,500 चा वाटाही माफ पाहिजे.

पुण्याचा_थोरला
रजेची किंमत पैशात धरली तर उद्या प्रत्येक जण दिवस मोजत बसेल.

नागपूरची_मधली
आताही मोजतातच. फक्त मोजणारी एकटी असते.

हैदराबादचा_धाकटा
मधला मार्ग: वाटा माफ नाही, पण नागपूरवालीच्या महिन्याच्या दोन खेपांच्या बदल्यात लांबच्यांनी वर्षातून एकदा सलग पंधरा दिवस गावात राहायचं. मे महिन्यात, बाई लग्नांना जाते तेव्हा.

नागपूरची_मधली
पंधरा दिवस कोणी राहिलेलं दाखवा मग बोलू.

पांढरं_सोनं
मे मध्ये राहणाऱ्यानं माठाचं पण पाहावं मग. रेती सकाळ-संध्याकाळ भिजवा लागते.

औषधी_दुकान
हो, आणि बाटली आत कोरड्या डब्यात झाकण लावून, पाण्यात बुडवायची नाही. पावसाळा लागला की माठ थंड होत नाही, हवाच ओली असते, तेव्हा फ्रीजच. मिक्स इन्सुलिन तळहातावर हळू फिरवून पाहा. सारखं दुधासारखं झालं तर ठीक. गुठळ्या राहिल्या किंवा काचेला पांढरं चिकटलं तर पाळी कोणाचीही असो, ती बाटली टाका आणि शिल्लक ठेवलेली फोडा.

मायलेक
फोडलेली तारीख बाटलीवर लिहायची का? बाईला वाचता येत नाही.

औषधी_दुकान
अमावास्येपासून मोजते का ती? मग तसं. नाहीतर बाजाराच्या दिवशी नवी फोडायची, दोन बाजार झाले की बदलायची.