मदत हवी आहे: पांघरुणं गोळा झाली, पण निम्मी देण्यासारखी नाहीत

ओंकार_वारजे
आमच्या मंडळाच्या पोरांनी ऊसतोड कामगारांसाठी पांघरुणं गोळा करायला घेतली आहेत. वाटप १४ डिसेंबरला. हातात सहा दिवस आहेत आणि शेडमध्ये १७३ नग येऊन पडलेत. आवाहन असं टाकलं होतं:

"थंडीसाठी पांघरुणं द्या. ३० नोव्हेंबर ते १२ डिसेंबर, रोज संध्याकाळी ६ ते ९. वारजे: मंडळाची शेड. कर्वेनगर: मंडईजवळचं झेरॉक्सचं दुकान. माणिकबाग: सोसायटीच्या गेटवरचा खोका. ब्लँकेट, रजई, चादर, उबदार कपडे चालतील. स्वच्छ असावं."

निम्म्या ढिगाला कुबट वास येतोय. दोन रजयांच्या शिवणीत काळे ठिपके दिसले. मंडळातली मोठी मुलं म्हणतात, आलंय ते गोण्यांत भरून पाठवू, गरजूंना चालतं. मला ते पटत नाही. काय करू? लवकर सांगा.

नागपूरची_शुभदा
माझ्याकडे कापसाच्या दोन गाद्या आहेत, अगदी चांगल्या. नागपुरात कुठे आणून देऊ?

उसाचा_फड
आधी हे सांगा: तालुका कुठला? बैलगाडीची टोळी की ट्रॅक्टरची? कोप्या किती? आणि वाटप किती वाजता ठेवलंय? ढिगात नेमकं काय काय आहे तेही मोजून लिहा. "पांघरुणं" म्हटल्यावर काहीच कळत नाही.

ओंकार_वारजे
दौंडकडे. ट्रॅक्टरची टोळी, ४० कोप्या. मुकादमाशी फोनवर बोललोय. वाटप सकाळी ११ ला. ढीग आत्ताच मोजला: गोधड्या आणि रजया ६८, मऊ ब्लँकेटं (मिंक, फ्लीस वगैरे) ५१, घोंगड्या आणि लोकरीची ९, चादरी ३२, पडदे-अभ्रे मिळून १३.
शुभदाताई, नागपुरात आमचं कुणी नाही आणि गाद्या आम्ही घेत नाही.

उसाचा_फड
मी सहा हंगाम या लोकांच्या मुलांना कोप्यांवर जाऊन शिकवलं आहे, म्हणून सांगतो.

सकाळी ११ ला जाऊ नका. माणसं अंधारातच फडात गेलेली असतात. कोपीवर लहान मुलं आणि एखादी म्हातारी, एवढंच. तुम्ही दिलेलं मग कुणाकडे गेलं हे कळत नाही. संध्याकाळी सात-साडेसातला जा, चुली पेटलेल्या असतात. ट्रॅक्टरची टोळी फड संपला की जागा बदलते, म्हणून आदल्या दिवशी मुकादमाला परत फोन करा. पण वाटप त्याच्या हाती देऊ नका, कोपीगणिक स्वतः द्या.

आता ढीग. कोपी म्हणजे बांबूच्या कामट्या आणि वर ताडपत्री नाहीतर पाचट. पहाटे आतल्या बाजूनेसुद्धा दव ठिबकतं. जाड कापसाची रजई ते पाणी पिऊन बसते. दिवसा वाळत घालायला माणूस नाही, रात्री तीच ओली अंगावर. पहिल्या वर्षी मी स्वतः पंधरा रजया नेल्या होत्या. महिन्याने गेलो तर त्यातल्या बऱ्याच कोपीच्या दाराला पडदा म्हणून लटकत होत्या. मऊ ब्लँकेट लवकर वाळतं, पण चुलीची ठिणगी पडली की वितळून भोक पडतं, म्हणून देताना तेवढं बोला. घोंगडी सगळ्यात उत्तम, दव वरच्यावर राहतं आणि ठिणगीने पटकन पेटत नाही.

आणि खाली काय अंथरणार? थंडी जमिनीतून वर येते. तुमच्या मंडळाकडे गणपतीचे जुने फ्लेक्स पडले असतील ना? धुऊन, कोपीच्या मापाचे कापून न्या. त्यावर त्या ३२ चादरी चौघडी करून अंथरता येतील.

रोहिणी_सी
काळ्या ठिपक्यांचं एवढं घेऊ नका. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर ठेवा, आतले किडे मरतात. आमच्या घरी खरूज झाली होती तेव्हा डॉक्टरांनीच हे सांगितलं होतं.

मीनाक्षी_सिस्टर
रोहिणी, खरजेसाठी तुझं बरोबर आहे. तो किडा माणसाच्या अंगाबाहेर दोन-तीन दिवसच टिकतो, आठवडा पुरतो. पण शिवणीतले काळे ठिपके ही ढेकणाची विष्ठा असते, आणि ढेकूण रक्ताशिवाय महिनोन्महिने जगतो. पिशवीत बांधून तो फक्त दौंडला पोचेल.

ओंकार, ओल्या पांढऱ्या फडक्याने ठिपका पूस. तांबूस-काळा डाग पसरला तर ढेकूणच समज. त्या दोन रजया लगेच वेगळ्या बांधून बाहेर काढ आणि त्यांना टेकून जे जे होतं ते बाजूला घे. मऊ ब्लँकेटं वाफाळत्या पाण्यात, हात घालवणार नाही इतक्या गरम, अर्धा तास बुडवून मग धू. अंडीसुद्धा मरतात. लोकर गरम पाण्यात आटते, म्हणून घोंगडीत ढेकूण दिसला तर ती देऊच नकोस. नुसतं ऊन दाखवून भागत नाही, घडीच्या आत ऊब पोचत नाही.

कुबट वासाबरोबर डांबरगोळीचा वासही येतोय का? तो लहान बाळाला वाईट. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच एक कमतरता असते, त्यांना अशा कपड्यात गुंडाळलं तर तांबड्या पेशी फुटून कावीळ होते. कोप्यांवर तान्ही मुलं असतातच. असे नग धू, दोन-तीन दिवस वाऱ्यावर टाक, आणि तरी वास उरला तर बाळ असलेल्या घरी नको.

सुहास_काका
एवढी यातायात कशाला? पैसे गोळा करा, ठोक बाजारातून नवीन ब्लँकेटं घ्या. ना ढेकूण ना वास. जुनं देणं हा त्या माणसांचा अपमान आहे.

उसाचा_फड
काका, मळकं देणं अपमान, जुनं देणं नव्हे. ठोकात मिळणारं स्वस्त ब्लँकेट चिंध्यांचा धागा दाबून केलेलं असतं, दोन धुण्यांत विरतं. मी वाटलंय, मला माहीत आहे.

सुहास_काका
तुम्ही स्वस्तातलं घेतलंत म्हणून. आम्ही दोन वर्षं चांगलं घेऊन वाटलं. कमी वाटलं, पण नवीन वाटलं.

नागपूरची_शुभदा
विषय निघालाच आहे तर, वडिलांची घोंगडी आहे, तीस वर्षांपूर्वीची. धुतली तर बिघडेल का?

मीनाक्षी_सिस्टर
शुभदा, थंड पाण्यात, न पिळता, सावलीत वाळव. जुन्या घोंगडीला चिंचोक्याची खळ दिलेली असते, ती निघून थोडी मऊ पडेल.

ओंकार_वारजे
फडक्याने पुसून पाहिलं. दोन्ही रजयांवर डाग पसरला. दोन्ही बांधून टाकल्या. त्यांना टेकलेली सात ब्लँकेटं आज बंबाच्या पाण्यात बुडवली, आत्ता गच्चीवर आहेत. गोधड्या-रजया कोप्यांसाठी नाही नेत, पक्क्या छताखाली कुणाला हव्यात का विचारतोय. वास माणिकबागच्या ढिगाला जास्त होता. तिथला खोका रात्रभर उघड्यावर राहतो, दवानेच भिजलं सगळं. तो खोका बंद केला. वाटप संध्याकाळी सातला ठेवलं. फ्लेक्स नऊ निघाले.

आवाहन बदललं:

"फक्त मऊ ब्लँकेट, घोंगडी, लोकरीची शाल. धुऊन पूर्ण वाळवलेलं, डांबरगोळीचा वास नसलेलं. रजई, गादी, पडदे नकोत. १२ डिसेंबरपर्यंत संध्याकाळी ६ ते ९, वारजे शेड आणि कर्वेनगर झेरॉक्स. उघडून बघूनच घेऊ, राग मानू नका."

कोपीमागे दोन धरली तर ८० लागतात. हातात ५१ आणि ९ मिळून ६०. वीस कमी. काका, तुम्ही चांगलं ब्लँकेट कुठून घेतलं होतं आणि कितीला पडलं? मोठी मुलं वर्गणीतून वीस घ्यायला तयार आहेत. पण मग एका कोपीत नवीन आणि शेजारच्या कोपीत जुनं, हे कसं करायचं?

उसाचा_फड
नवीन वीस तान्ही बाळं असलेल्या कोप्यांत. मुकादमाला आजच विचारा, बाळं किती.

सुहास_काका
फोन नंबर व्यनि करतो. पण सगळ्यांना नवीनच द्यावं, हे माझं मत कायम.